बारा बाइटांत न मावणारा जायरो

विंडोजवरचे बहुतेक गेम कंट्रोलरकडून माहिती घेताना जी पद्धत वापरतात तिचे नाव एक्सइनपुट. एक्सबॉक्स ३६०च्या काळात, २००५ च्या सुमारास ती आली आणि आजही तीच चालते. या पद्धतीत कंट्रोलरची सगळी अवस्था अवघ्या १२ बाइटांत बसवलेली असते. सगळ्या बटणांसाठी २ बाइट, दोन ट्रिगरांसाठी एकेक बाइट आणि दोन स्टिकच्या मिळून चार अक्षांसाठी ८ बाइट, की हिशेब संपला. हात किती अंशांनी वळला, हे सांगायला त्यात जागाच नाही.

म्हणून एक गमतीची स्थिती होते. सोनीचा २०१३ चा ड्युअलशॉक ४ किंवा २०२० चा ड्युअलसेन्स केबलने पीसीला जोडला, तर तो सेकंदाला सुमारे २५० वेळा आपली माहिती पाठवतो आणि तिच्यात जायरोचे तीन अक्षही असतात. माहिती पीसीपर्यंत येते, पण गेम ती मागतच नाही. मोजके गेम सोडले तर ती तशीच फेकून दिली जाते. ती उचलून गेमला कळेल अशा रूपात पुढे द्यायची असेल, तर कंट्रोलर आणि गेम यांच्या मध्ये एक प्रोग्रॅम बसवावा लागतो. यालाच रीमॅपिंगचा थर म्हणतात. स्टीमच्या आतच असलेले स्टीम इनपुट, जिब स्मार्ट या प्रोग्रॅमरने सुरू केलेले जॉयशॉकमॅपर आणि जुने, लोकप्रिय डीएस४विंडोज ही त्याची ठळक उदाहरणे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये जायरो बसवलेलाच नाही. त्यामुळे बटणांची मांडणी बदलण्यापुरता हा थर त्यालाही उपयोगी आहे, पण जायरोने नेम धरणे त्यावर कोणत्याही सॉफ्टवेअरने जमणार नाही. बाजारातल्या इतर अनेक कंट्रोलरांत जायरो असतो, पण ते एक्सबॉक्सचे सोंग घेऊन पीसीला जोडले की तो गप्प होतो, कारण पुन्हा तेच १२ बाइट. ८बिटडू प्रो २ वर मागे S, A, D, X असा सरकता खटका आहे. तो X वर असेल तर जायरो मिळत नाही; S वर, म्हणजे निन्टेंडो स्विचच्या रूपात जोडला, तर मिळतो. ‘माझ्या कंट्रोलरचा जायरो बिघडला’ अशी तक्रार करण्यापूर्वी हा खटका पाहावा.

आता मूळ मुद्दा. जायरो नेमासाठी चांगला का, हे समजायचे तर स्टिक नेमक्या कशात कमी पडते ते पाहावे लागेल. उजवी स्टिक म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर: ती वेग ठरवते, पाते कुठे थांबायचे ते ठरवत नाही. स्टिक अर्धी ढकलली की नजर ठरावीक वेगाने फिरू लागते आणि योग्य क्षणी अंगठा सोडला तरच ती हव्या जागी थांबते. माउसचे तसे नाही. माउस दोन इंच सरकवला की नजर दोन इंचांच्या प्रमाणात वळते आणि हात थांबला की थांबते. म्हणूनच माउसवाल्यासमोर स्टिकवाल्याला टिकाव धरता यावा यासाठी कितीतरी गेममध्ये नेम थोडासा आपोआप लक्ष्याकडे खेचून दिला जातो.

जायरोचा चिप मोजतो तोही वेगच. त्याच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो. कंट्रोलर वळला की कोरिऑलिस बलामुळे तो तुकडा किंचित बाजूला ढकलला जातो आणि त्या ढकलण्यावरून ‘सेकंदाला इतके अंश’ असा आकडा निघतो. पण हा वेग कशाचा, तर आपल्या हाताचा. दर वाचनाचा वेग गुणिले दोन वाचनांमधला वेळ, अशी बेरीज करत गेले की हात एकूण किती अंश वळला ते मिळते. म्हणजे जायरो स्वभावाने माउसच्या जातीचा आहे, स्टिकच्या नव्हे. त्याला गेमकडे माउस म्हणून पाठवावे, स्टिक म्हणून शक्यतो नाही. हा एक निर्णय बरोबर घेतला की निम्मे काम झाले.

तो चुकला की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. जायरोची हालचाल नकली उजव्या स्टिकमध्ये घातली, तर गेमला ती स्टिकच वाटते. स्टिकच्या मध्याजवळच्या बारीक हालचाली गेम मुद्दाम दुर्लक्षित करतात, कारण जुनी स्टिक सोडल्यावर अगदी मधोमध येत नाही. या मृत पट्ट्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेला आकडा उजव्या स्टिकसाठी ३२७६७ पैकी ८६८९ आहे, म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त. जायरोचा सगळा फायदा ज्या बारीक हालचालीत आहे, नेमकी तीच इथे गिळली जाते. वर स्टिक पूर्ण ढकलल्यावर गेम जेवढ्या वेगाने फिरू देतो त्यापेक्षा जोरात हात झटकला, तर ती झटकही वाया जाते. हळू वळवले तर काहीच नाही, जोरात वळवले तर अपुरे, असे लक्षण दिसले की समजावे: जायरो स्टिकच्या वाटेने जातो आहे.

माउसच्या वाटेने पाठवायचे ठरले, की प्रश्न उरतो प्रमाणाचा. बहुतेक लोक इथे एक सरकपट्टी धरतात, अंदाजाने डावी-उजवी करतात आणि दोन तासांनी ‘जायरो आपल्याला जमत नाही’ असे म्हणून तो बंद करतात. माझ्या मते जायरो न जमण्याची बहुतेक प्रकरणे या आकड्याची असतात, हाताची नसतात. आणि हा आकडा अंदाजाचा नाही, तो मोजता येतो.

एक गेम घेऊन हिशेब करू. व्हॉल्व्हचा २००९ चा लेफ्ट फोर डेड २ यासाठी सोयीचा आहे, कारण तो सोर्स इंजिनवर चालतो आणि त्या इंजिनात माउसचे गणित उघडे आहे. माउस एक डॉट सरकला की नजर `m_yaw` गुणिले `sensitivity` इतके अंश वळते. `m_yaw` चे मूळ मूल्य ०.०२२ आहे. सेन्सिटिव्हिटी ३ ठेवली तर एका डॉटला ०.०६६ अंश. पूर्ण ३६० अंशांच्या फेरीला ३६० भागिले ०.०६६, म्हणजे जवळपास ५४५५ डॉट लागतात.

स्टीम इनपुटमध्ये जायरोसाठी `Gyro to Mouse` हा प्रकार निवडला की `Dots Per 360°` अशी एक जागा दिसते. तिच्यात ५४५५ भरायचे. आता मधल्या थराला या गेमची मोजपट्टी कळली. त्यानंतर गुणक ठरवायचा, आणि त्याला आता खरा अर्थ आहे. गुणक १ असेल तर हात ३० अंश वळल्यावर गेममधली नजरही ३० अंश वळेल. गुणक ३ असेल तर ९० अंश. मनगटे आरामात साधारण ३० अंश वळतात, त्यापुढे कोपर उचलावे लागते, म्हणून नव्या माणसाने २ ते ३ च्या दरम्यान सुरुवात करावी. सगळ्यात मोठा लाभ पुढे आहे: दुसऱ्या गेमची मोजपट्टी अशीच भरली की गुणक तोच ठेवता येतो. हाताला लागलेली सवय एका गेममधून दुसऱ्यात जशीच्या तशी जाते.

थर आत काय करतो ते एकदा आकड्यांत पाहिले की पुढच्या अडचणी आपोआप समजतात. समजा हात सेकंदाला ९० अंशांच्या वेगाने वळतो आहे आणि वाचन दर ४ मिलिसेकंदांनी येते. एका वाचनात हात ०.३६ अंश वळला. गुणक ३ म्हणून नजर १.०८ अंश वळायला हवी. त्याला ०.०६६ ने भागले की १६.३६ डॉट येतात. माउस अपूर्णांक पाठवू शकत नाही, म्हणून १६ डॉट पाठवले जातात आणि उरलेले ०.३६ पुढच्या वाचनात मिळवले जातात. हे शिल्लक जपणे फार महत्त्वाचे. हात अगदी हळू, सेकंदाला १ अंशाने वळत असेल तर एका वाचनाला जेमतेम ०.१८ डॉट होतो. शिल्लक फेकून दिली असती तर नेम हललाच नसता. जपल्यामुळे पाच-सहा वाचनांनी एक डॉट सुटतो.

पण तो एक डॉटही ०.०६६ अंशांचा आहे. दूरवरच्या लक्ष्यावर नेम बारीक-बारीक धक्क्यांनी सरकतो असे वाटले, तर कारण इथे आहे. उपाय सोपा आहे: गेमची सेन्सिटिव्हिटी ३ ऐवजी १ करायची आणि मोजपट्टीत ३६० भागिले ०.०२२, म्हणजे १६३६४ भरायचे. हाताला काहीच फरक जाणवणार नाही, पण प्रत्येक डॉट एक तृतीयांश होईल. गेममधला आकडा लहान आणि थरातला मोठा, हे जायरोसाठी पाळण्यासारखे आहे. त्याच वेळी गेममध्ये रॉ इनपुटचा पर्याय असेल तर तो चालू करावा आणि विंडोजमधले `Enhance pointer precision` बंद करावे. नाहीतर विंडोज वेगानुसार डॉट वाढवते-घटवते आणि आपली मोजपट्टी हळू हालचालीला एक, जोरातल्या हालचालीला दुसरी होऊन बसते.

ज्या गेमचे गणित उघडे नाही त्याचे काय? तिथे प्रयोग करावा लागतो. भिंतीची कड किंवा दाराची चौकट नेमाच्या मधोमध धरायची, मोजलेल्या डॉटांत नजर पूर्ण फिरवायची आणि ती त्याच कडेवर परत येते का ते पाहायचे. एक फेरी पुरत नाही, दहा फेऱ्या घ्याव्यात, म्हणजे चूक दहापट ठळक दिसते. समजा ५४५५ च्या हिशेबाने दहा फेऱ्या मारल्या आणि नजर २० अंश अलीकडेच थांबली. म्हणजे ३६०० ऐवजी ३५८० अंश झाले. ५४५५ गुणिले ३६०० भागिले ३५८०, उत्तर ५४८५. हा आकडा भरून पुन्हा दहा फेऱ्या. दुसऱ्या खेपेला सहसा कडेवरच येतो. न आल्यास, आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबत असल्यास, गेम माउसची हालचाल स्वतःच गुळगुळीत किंवा वेगवान करतो आहे. गेमच्या सेटिंगमध्ये माउस स्मूदिंग किंवा ॲक्सेलरेशन शोधून बंद करावे.

जॉयशॉकमॅपरमध्ये हेच सगळे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिता येते. तिथे मोजपट्टी थोडी वेगळी असते: सेन्सिटिव्हिटी १ असताना एका अंशाला किती डॉट. सोर्स इंजिनसाठी १ भागिले ०.०२२, म्हणजे ४५.४५४५. लेफ्ट फोर डेड २ च्या फाइलची सुरुवात अशी होईल:

```
RESET_MAPPINGS
REAL_WORLD_CALIBRATION = 45.4545
IN_GAME_SENS = 1
GYRO_SENS = 3
GYRO_OFF = L
ZR = LMOUSE
ZL = RMOUSE
S = SPACE
```

यातले `S` म्हणजे चार बटणांतले दक्षिणेचे, प्लेस्टेशनवरचे फुलीचे बटण. `GYRO_OFF = L` ही ओळ मात्र नीट समजून घ्यावी, कारण तिच्याशिवाय जायरो वापरताच येत नाही. हात डावीकडे वळवत-वळवत आपण अवघडलेल्या अवस्थेला पोचतो, पण गेममध्ये अजून डावीकडे जायचे असते. माउसवाला अशा वेळी माउस उचलून पॅडच्या मध्यावर आणतो. जायरोवाल्याने एल१ दाबून धरायचे, हात सरळ करायचे आणि बटण सोडायचे. ते दाबलेले असेपर्यंत जायरो झोपलेला असतो. स्टीम इनपुटमध्येही असे बटण नेमता येते, आणि उलट पद्धतही ठेवता येते: बटण दाबले तरच जायरो चालू. ज्या गेममध्ये एल२ दाबून दुर्बीण लावतात तिथे बरेच जण एल२ लाच जायरो जोडतात. लेफ्ट फोर डेड २ मध्ये मात्र शत्रू चहूबाजूंनी धावत येतात आणि दुर्बीण लावायला फुरसत नसते, म्हणून तिथे जायरो सतत चालू आणि एल१ ने बंद, हेच बरे.

उजवी स्टिक यामुळे बेकार होत नाही. मोठी वळणे तिने घ्यायची आणि शेवटचे दोन-चार अंश जायरोने. निन्टेंडोच्या २०१५ च्या स्प्लॅटूनमध्ये लोकांना ही विभागणी मोठ्या प्रमाणावर अंगवळणी पडली. एक पाऊल पुढे गेले की फ्लिक स्टिक. तिच्यात स्टिक ज्या दिशेला ढकलाल, त्या दिशेला नजर क्षणात, सहसा ०.१ सेकंदात वळते. मागे ढकलली की १८० अंश. ही जिब स्मार्टचीच कल्पना, आणि २०२२ मध्ये फोर्टनाइटने जायरोबरोबर तीही आपल्यात घेतली. फ्लिक स्टिकला मोजपट्टी तंतोतंत लागते: ती पाच टक्क्यांनी चुकली तर मागे वळताना ९ अंशांची चूक होते आणि मागे उभा असलेला शत्रू नेमाच्या बाहेर राहतो.

आता बटणे. जायरो माउस झाला की बटणांचे काय करायचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. गेमला एकाच वेळी माउसही येतो आहे आणि कंट्रोलरही, हे काही गेमना चालते, काहींना चालत नाही. न चालणारा गेम ओळखायची खूण पडद्यावरच असते: ‘दार उघडण्यासाठी E दाबा’ आणि ‘दार उघडण्यासाठी A दाबा’ या सूचना झपाझप आलटून-पालटून दिसू लागतात, कधी चाल क्षणभर अडखळते. अशा गेममध्ये मिश्रण सोडून द्यावे आणि सगळा कंट्रोलरच कीबोर्ड-माउस म्हणून पाठवावा.

लेफ्ट फोर डेड २ साठी मी ही दुसरी वाट घेईन, कारण त्या गेमला लागणाऱ्या कळा मोजक्या आहेत. डाव्या स्टिकला W, A, S, D. आर२ ला गोळी झाडणे, म्हणजे माउसचे डावे बटण. एल२ ला धक्का देणे, म्हणजे उजवे. फुलीला उडी, गोलाला बसणे, चौकोनाला R, म्हणजे गोळ्या भरणे, त्रिकोणाला Q, म्हणजे आधीचे शस्त्र. आर१ ला E, म्हणजे वस्तू उचलणे किंवा पडलेल्या साथीदाराला उभे करणे. दिशांच्या बटणांवर वर ३ म्हणजे फेकायचे अस्त्र, डावीकडे ४ म्हणजे औषधपेटी, उजवीकडे ५ म्हणजे औषधी गोळ्यांची बाटली आणि खाली F म्हणजे बॅटरी. साथीदाराला उभे करताना E बराच वेळ दाबून धरावा लागतो, म्हणून तो आर१ वर: अंगठे दोन्ही स्टिकवर मोकळे राहतात.

यात एक गोष्ट हातची जाते. डावी स्टिक थोडी ढकलली तर हळू, पूर्ण ढकलली तर वेगाने, हा फरक कीबोर्डमध्ये नसतो. W दाबलेला असतो किंवा नसतो. दिशाही आठच. या गेममध्ये सगळे धावतच असतात, म्हणून ते खटकत नाही. जिथे चोरपावलांनी चालायचे असते किंवा पात्राचा वेग स्टिकने तोलायचा असतो तिथे खटकते, आणि तिथे मिश्रणच हवे.

बटणे कमी पडली की एकाच बटणाला दोन कामे द्यायचा मोह होतो: थोडे दाबले तर गोळ्या भरणे, लांब दाबले तर बॅटरी. थर ते करून देतो, पण फुकट नाही. बटण दाबल्या क्षणी हे छोटे दाबणे आहे की लांब, हे त्याला कसे कळणार? बटण सुटेपर्यंत किंवा ठरलेला वेळ उलटेपर्यंत त्याला थांबावेच लागते. म्हणून छोट्या दाबण्याचे कामही किंचित उशिरा होते. बॅटरी, नकाशा, गुणफलक अशा निवांत कामांच्या बटणावर हे चालते. गोळी, उडी, धक्का यांच्यावर लांब दाबण्याचे दुसरे काम कधीही लादू नये. त्यापेक्षा एखादे बटण दाबून धरल्यावर बाकीच्या बटणांचे अर्थ बदलणे चांगले, कारण तिथे थराला कशाचीच वाट पाहावी लागत नाही.

प्रत्येक गेमला वेगळी मांडणी का, हे दुसरा गेम शेजारी ठेवला की कळते. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये नेम धरायचाच नाही, स्टिअरिंग फिरवायचे आहे. तिथे जायरो माउस म्हणून कुचकामी. स्टीम इनपुटमध्ये त्यासाठी `Gyro to Joystick Deflection` हा प्रकार आहे: कंट्रोलर जितका कलता धराल तितकी नकली डावी स्टिक कलते, सरळ धरला की मध्यावर येते. बटणे एक्सबॉक्सची ठेवायची आणि गेममधला स्टिअरिंगचा मृत पट्टा शून्यावर आणायचा. स्टीम प्रत्येक गेमची मांडणी स्वतंत्र जपते आणि तो गेम उघडताच लावते. जॉयशॉकमॅपरमध्ये हेच काम `AutoLoad` फोल्डर करते: गेमच्या प्रोग्रॅमच्या नावाची फाइल, इथे `left4dead2.txt`, त्यात ठेवली की गेम समोर येताच ती लागू होते.

या दोन गेममध्ये जायरोच्या एका मोठ्या दोषाचा फरकही स्पष्ट दिसतो. जायरो स्थिर असतानाही अगदी शून्य सांगत नाही, थोडासा वेग सांगतच राहतो. समजा हा खोटा वेग सेकंदाला अर्धा अंश आहे. गुणक ३ ने तो दीड अंश होतो आणि मिनिटभरात नजर आपोआप ९० अंश सरकते. ट्रकमध्ये ही अडचण येत नाही, कारण कंट्रोलर किती कलला आहे हे शेजारचा ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून तपासू शकतो आणि चूक सतत दुरुस्त होते. पण डावी-उजवीकडे वळण्याला अशी साक्ष नाही. तुम्ही पूर्वेला तोंड करा की पश्चिमेला, गुरुत्वाकर्षण खालीच असते. त्यामुळे नेमासाठी जायरो वापरताना शून्य नीट ठरवून घेण्याला पर्याय नाही.

ते कसे, तर कंट्रोलर टेबलावर, मांडीवर नव्हे, निश्चल ठेवून थरातले कॅलिब्रेशन चालवायचे. हातात धरून केले तर हाताची सूक्ष्म हालचालच शून्य म्हणून नोंदली जाते आणि सरकणे आणखी वाढते. चिप तापला की हा खोटा वेग बदलतो, म्हणून कंट्रोलर जोडल्या-जोडल्या न करता दहा-पंधरा मिनिटे खेळून झाल्यावर केले तर जास्त टिकते. निदान सोपे आहे. कंट्रोलर टेबलावर ठेवा आणि पडदा पाहा. नजर एकाच दिशेने संथ सरकत असेल तर शून्य चुकले आहे. जागच्या जागी थरथरत असेल तर चिपचाच गोंगाट आहे, जो स्वस्तातल्या नकली ड्युअलशॉकमध्ये हटकून भेटतो. टेबलावर शांत आणि हातात थरथर, तर ती आपल्याच हाताची.

हाताच्या थरथरीवर मृत पट्टा हा सरळ वाटणारा उपाय खरे तर वाईट आहे. ठरावीक वेगाखालचे सगळे शून्य केले की दूरच्या लक्ष्यावर हळुवार नेम नेताना तो चिकटून बसतो आणि मग एकदम उडी मारतो. त्यापेक्षा हळू हालचाल शून्य न करता तिचा गुणक क्रमाने कमी करणारी मर्यादा वापरावी. जॉयशॉकमॅपरमध्ये `GYRO_CUTOFF_RECOVERY = 5` लिहिले की सेकंदाला ५ अंशांखालच्या हालचाली दबत-दबत शून्याकडे जातात आणि पाचच्या वर पूर्ण मोकळ्या होतात. थरथर नसेल तर हेही नको.

आणखी दोन घोळ नेहमी दिसतात. पहिला बसण्याचा. कंट्रोलर आडवा, पुस्तकासारखा सपाट धरणारा माणूस डावीकडे वळताना एका अक्षाभोवती फिरवतो. खुर्चीत रेलून तो उभा धरणारा माणूस त्याच हालचालीसाठी दुसऱ्या अक्षाभोवती. थर एकच अक्ष पाहत असेल, तर रेलून बसताच डावी-उजवीकडची हालचाल क्षीण होते आणि नेम तिरका जातो. यावर स्टीम आणि जॉयशॉकमॅपर दोन्हींत प्लेयर स्पेस नावाचा पर्याय आहे. तो गुरुत्वाकर्षणावरून खाली कुठे आहे ते पाहतो आणि दोन्ही अक्ष मिळवून हिशेब करतो. बसण्याची पद्धत बदलत राहणाऱ्याने तोच निवडावा.

दुसरा घोळ दुप्पट दाबण्याचा. एकदा खाली दाबले की मेनू दोन ओळी उतरतो. याचा अर्थ गेमला खरा कंट्रोलरही दिसतो आहे आणि थराने बनवलेला नकलीही. डीएस४विंडोज वापरत असाल तर हिडहाइड नावाचा ड्रायव्हर बसवून खरा कंट्रोलर गेमपासून लपवावा लागतो. आणि डीएस४विंडोज व स्टीम इनपुट दोन्ही चालू असतील तर एक बंद करायचा. एका गेमला एकच थर. स्टीममध्ये हे गेमच्या `Properties` मध्ये `Controller` या पानावर गेमवार चालू-बंद करता येते.

निवड करायची झाली, तर गेम स्टीमवरचा असेल तेव्हा स्टीम इनपुट, नसेल तेव्हा जॉयशॉकमॅपर, असे माझे मत आहे. स्टीमबाहेरचा गेम स्टीममध्ये जोडता येतो खरा, पण तो आधी स्वतःचा लाँचर उघडत असेल तर मांडणी लाँचरलाच लागून राहते आणि गेमपर्यंत पोचत नाही. कंट्रोलर नव्याने घ्यायची गरज बहुधा पडत नाही. घरात जुना ड्युअलशॉक ४ असेल तर तो मायक्रो-यूएसबी केबलने जोडून पाहा. चार्जिंग होते पण पीसीला कंट्रोलर दिसत नाही, असे झाले तर केबल नुसती चार्जिंगची आहे, डेटाची केबल घ्या.